शब्द हवा आहे: कटआउटभोवतीची पारदर्शक रिकामी जागा काढणे

पानजुळणीवाली
तांब्या-पितळेच्या भांड्यांचा कॅटलॉग जुळवते आहे. फोटोतली पार्श्वभूमी काढलेल्या पीएनजी फाइल्स आल्या आहेत, सगळ्या 2400 गुणिले 2400 पिक्सेलच्या. त्यातली समई घ्या. ती स्वतः 900 पिक्सेल रुंद आहे, पण तिच्या डावीकडे 620 आणि उजवीकडे 880 पिक्सेल पारदर्शक जागा सुटली आहे. पानावर 60 मिलिमीटरच्या चौकटीत ती मधोमध लावली, तरी समई सव्वातीन मिलिमीटर डावीकडे सरकलेली दिसते. इनडिझाइन चौकट मध्यावर आणतं, समई नाही. खाली किंमत बरोबर मध्यावर असल्याने ते फार खटकतं.

उपाय मला माहीत आहे. अडलंय ते शब्दावर. हाताखालच्या दोन नव्या मुलांसाठी मराठीत कामाची टिपणं लिहिते आहे. ‘ट्रिम करा’ असं लिहिलं की ते छापून आलेल्या पुस्तकाचं कटिंग समजतात, कारण आमच्याकडे ट्रिमिंग म्हणजे तेच. तर ही जागा आणि ती काढण्याची क्रिया, दोन्हींसाठी तुम्ही काय म्हणता?

कोथरूडकर
‘छाटणे’ म्हणा, संपलं. आणि फोटोशॉपमध्ये `Image > Trim`, त्यात `Transparent Pixels`. सगळ्या फाइल्सना हे एकदा केलं की सगळं आपोआप जुळतं.

फ्लेक्सवाला नगर
आम्ही कटआउटला आधी कड आखून घेतो, मग प्लायवर चिकटवून जिगसॉने कापतो. पुढाऱ्याचं बारा फुटी असेल तर मागे लाकडी फ्रेम ठेवावीच लागते. रिकामी जागा उरायचा प्रश्नच येत नाही. उरलीच तर ‘वेस्टेज’.

पानजुळणीवाली
दादा, तुमचं कटआउट चौकात उभं राहतं, माझं पानावर! पण ‘वेस्टेज’ लिहून ठेवते.

नाशिकची लेखनिक
‘छाटणे’ला माझा विरोध आहे. आमच्याकडे द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये होते. तिथे वेलीची जिवंत काडी जाते. छाटलं म्हणजे वस्तूचाच भाग गेला. फोटोतला कोपरा, माणसाचा खांदा काढून टाकतो त्याला ‘छाटणे’ चालेल. इथे तर समईचा कणही जात नाहीये.

जुना जुळारी
ताई, हे दुखणं खिळ्यांच्या काळापासूनचं आहे. जस्ताचा ब्लॉक लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला यायचा. चित्र चिंचोळं आणि ठोकळा ऐसपैस असला की मजकूर चित्राजवळ येईच ना. मग आम्ही ठोकळ्याचं जादा लाकूड करवतीने कापून कड तासून घ्यायचो, तेव्हा कुठे ओळी चित्राला भिडायच्या. ठोकळा छापला जात नसे, पण जागा मात्र अडवायचा. तुमची पारदर्शक जागा म्हणजे तो ठोकळाच. आम्ही ‘ब्लॉक तासला’ म्हणायचो.

पानजुळणीवाली
काका, ‘छापला जात नसे, पण जागा अडवायचा’ हे वाक्य टिपणात जसंच्या तसं घेते.

बेळगावची शिवणवाली
शिवणकामात कापड बेतताना शिलाईच्या पलीकडे जे सोडतो त्याला ‘माया’ म्हणतात. अर्धा इंच माया ठेव, माया जास्त झाली, माया कापून टाक. बाहेरून दिसत नाही, पण असते. तुमच्या जागेला ‘माया’ का नाही म्हणायचं?

पिक्सेलदादा
‘माया’ सुंदर आहे, पण माया आपण मुद्दाम ठेवतो. पानजुळणीवालीताईंची जागा नकळत उरलेली आहे. हा फरक शब्दात यायला हवा, कारण कामातही तो आहे. कोथरूडकरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ट्रिमने सगळं आपोआप जुळत नाही.

तुमच्याकडे तोटी असलेली झारी असेलच. ती ट्रिम करून 1200 पिक्सेल रुंद झाली असं धरा. त्यात पोट 760 आणि उजवीकडची तोटी 440. आता चौकटीचा मध्य 600 वर येतो, पण पोटाचा मध्य 380 वर आहे. डोळा पोटाला मध्य मानतो. म्हणजे चौकट घट्ट करूनही झारी डावीकडे गेलेली दिसणार. मी अशा वेळी `Canvas Size` मध्ये रुंदी 1640 करतो आणि वाढीव 440 पिक्सेल डावीकडे देतो. मग पोटाचा मध्य 820 वर, बरोबर मधोमध. ही जी डावीकडे सोडली, ती खरी माया. आधीची फाजील जागा काढायची, मग हवी तेवढी माया मोजून ठेवायची.

कोथरूडकर
झारीचं पटलं. पण माझ्याकडे एका फाइलला ट्रिम करूनही काहीच हललं नाही. तेच 2400च्या आसपास राहिलं. ते का?

पिक्सेलदादा
पार्श्वभूमी काढताना कुठेतरी पुसट ठिपके राहिलेत. अपारदर्शकता 255 पैकी 2 असली तर डोळ्याला काही दिसत नाही, पण ट्रिमला ती वस्तूच वाटते आणि ते तिथेच थांबतं. इमेजमॅजिक असेल तर आधी विचारून घ्या:

```
magick identify -format "%@\n" samai.png
```

ट्रिम कुठवर होईल ते हे सांगतं. `900x1800+620+310` आलं तर ठीक. `2391x2079+4+212` असं आलं, तर ठिपके आहेत. ते कुठे आहेत ते बघायला:

```
magick samai.png -alpha extract -threshold 0 mask.png
```

यात किंचितही रंग असलेलं सगळं पांढरंशुभ्र होतं. समईच्या पांढऱ्या आकाराबाहेर कोपऱ्यात एखादा एकटा ठिपका चमकतो, तोच चोर. मग तीन टक्क्यांखालचं सगळं शून्यावर आणून ट्रिम:

```
magick samai.png -channel A -level 3%,100% +channel -trim +repage samai-t.png
```

`+repage` विसरू नका. नाहीतर जुन्या कागदाचं माप फाइलमध्ये राहतं आणि काही प्रोग्रॅम ते मानून पुन्हा जागा दाखवतात. आणि मऊ सावली असलेल्या फाइलवर हे चालवू नका, सावलीची बाहेरची कड कुरतडली जाईल.

पानजुळणीवाली
सावलीचंच विचारणार होते. अकरा भांड्यांना सावली आहे, तीही उजवीकडे खाली. ट्रिम सावलीसकट झालं, त्यामुळे भांड्यांचे बूड एका ओळीत येत नाहीत.

पिक्सेलदादा
सावलीही पिक्सेलच, त्यामुळे चौकट तिच्या टोकापर्यंत जाते. फोटो देणाऱ्यांकडून बिनसावलीच्या फाइल्स मागा. त्या ट्रिम करा आणि सावली इनडिझाइनमध्ये `Drop Shadow` ने द्या. ती चौकटीच्या मापात धरली जात नाही, म्हणून बूड बुडाशी जुळतं.

नाशिकची लेखनिक
मग शब्द असे धरू या का: उरलेली ती ‘फाजील कड’, ठेवलेली ती ‘माया’, आणि काढायची क्रिया ‘कड तासणे’?

बेळगावची शिवणवाली
‘तासणे’ लाकडाचं झालं. कापडाची माया आम्ही कातरतो.

जुना जुळारी
कातरायला कात्री लागते, आणि कात्रीने चित्रही कापलं जातं. तासताना आपण कडेलाच असतो.

पानजुळणीवाली
मला ‘तासणे’ जवळचं वाटतंय. पण नव्या मुलांपैकी एकाने विचारलं, ‘ताई, तासणं म्हणजे पेन्सिलीला टोक करतात ते ना?’ तेव्हा उद्या दोघांना समईची आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून दाखवते. त्यांच्या तोंडात कोणता शब्द बसतो ते इथे येऊन लिहीन.