मदत हवी आहे: दुपारच्या फोटोवरून दिवाळीच्या रात्रीचं चित्र करतोय, भिंतीवर नसलेली तुळई उगवते

खानापूरकर:
मंडळी, आमच्या आजोळच्या घराचा फोटो आहे. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढं अंगण आणि त्यात तुळशीवृंदावन. त्याचं दिवाळीच्या रात्रीचं जलरंगातलं चित्र करून मामांना द्यायचंय. घर मात्र तेच दिसायला हवं.

स्टेबल डिफ्यूजन १.५ आणि कंट्रोलनेट वापरतोय, ग्राफिक्स कार्ड ६ जीबीचं. कडांचा नकाशा (Canny, 100/200) लावला की घर जागेवर राहतं, पण छपराखाली भिंतीभर एक आडवी लाकडी तुळई येते. तशी तुळई तिथं नाहीच. विजेच्या तारांच्या जागी वेली लोंबतात. खोलीचा नकाशा (Depth) लावला तर तुळई जाते, पण तिच्याबरोबर दोन्ही खिडक्याही जातात. काय करू?

निपाणीचा_बाळू:
एवढं कशाला? img2img मध्ये जा, Denoising strength 0.3 ठेव. घर तसूभर हलणार नाही. मी सगळं तसंच करतो.

टिळकवाडी_स्टुडिओ:
बाळू, घर हलणार नाही हे खरं, पण दुपारही हलणार नाही. एवढ्या कमी आकड्यावर मूळ फोटोचे रंग आणि उजेड तसेच राहतात. रात्र हवी तर आकडा बराच वर न्यावा लागतो, आणि मग घर सुटतं. म्हणून तर हे नकाशे लागतात. त्यांत रंग नसतो, फक्त रचना असते.

खानापूरकर, फोटो भर उन्हातला आहे ना? ती तुळई म्हणजे पागोळीची सावली. कॅनीला फक्त उजेड-अंधाराचा फरक कळतो. तो फरक वस्तूमुळे की सावलीमुळे, हे त्याला कळत नाही. सावलीची कड ठळक पांढरी रेघ होऊन नकाशात बसते. पुढं चित्रात रात्र होते, ऊन जातं, रेघ मात्र तशीच राहते. मग मॉडेल तिथं काहीतरी घालतंच.

खोलीच्या नकाशाचं उलटं आहे. सावलीला जाडी नसल्यामुळे ती त्यात फारशी उमटत नाही. पण बंद खिडकीही भिंतीपासून चार बोटंच आत असते. पुढं वृंदावन आणि मागं झाडं असताना एवढासा फरक करड्या रंगात विरून जातो.

खानापूरकर:
सावली! नकाशा उघडून बघितला, रेघ बरोबर पागोळीखालीच आहे. मग Canny चे आकडे वाढवू का?

टिळकवाडी_स्टुडिओ:
वाढवलेस तर आधी खिडकीचे गज जातील. त्यांच्या कडा सावलीपेक्षा फिक्या असतात. हाताने पुसणं बरं. नकाशा पीएनजी म्हणून सेव्ह कर, गिंपमध्ये उघड, सावलीच्या आणि तारांच्या रेघांवर काळा ब्रश फिरव. कौलांच्या बारीक रेघाही अर्ध्या पूस, जलरंगात प्रत्येक कौल मोजून कशाला दाखवायचं? मग तो नकाशा परत लाव आणि `Preprocessor` मध्ये `none` निवड. हे विसरलं तर तो पुसलेल्या नकाशाच्याच कडा काढत बसतो, प्रत्येक रेघेच्या दोन होतात.

दोन्ही नकाशे एकत्र लाव:

```
Depth   weight 0.8   Ending Control Step 1.0
Canny   weight 0.5   Ending Control Step 0.6
```

कडा साठ टक्क्यांवर सोडल्या की शेवटच्या टप्प्यांत रंग मोकळा पसरतो. शेवटपर्यंत धरल्या तर चित्र रंगवायच्या पुस्तकासारखं कोरीव दिसतं. हे आकडे सुरुवातीचे समज, पुढं नजरेनं ठरव.

गणपत_गल्ली:
माझं पण बघा की! दुकानाच्या फोटोचं जुन्या पोस्टरसारखं करतोय. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी. दोन्हीच्या जिलब्या होतात. Canny चं weight 1.5 केलं तरी तेच.

टिळकवाडी_स्टुडिओ:
काका, त्याला ती अक्षरं नाहीत, नुसत्या वळणदार रेघा आहेत. वजन वाढवून त्या वाचता येणार नाहीत, उलट सगळं चित्र ताठ होईल. पाटी नकाशातून पुसून कोरी येऊ द्या आणि अक्षरं शेवटी गिंपमध्ये वेगळ्या लेयरवर टाका.

खानापूरकर:
जमलं! तुळई गेली, खिडक्या आल्या, गजसुद्धा. तारा पुसल्या तिथं नुसतं आभाळ आलं. पण वृंदावनाचं दगडी कारंजं होतंय. आकार अगदी बरोबर, वर तुळशीऐवजी पाणी उडतंय.

निपाणीचा_बाळू:
प्रॉम्प्टमध्ये तुळस लिही की.

खानापूरकर:
`tulsi plant in stone pedestal` लिहिलं. कारंजं गेलं, आता कुंडीत गुलाब आलाय.

टिळकवाडी_स्टुडिओ:
नकाशा आकार सांभाळतो, ती वस्तू काय आहे ते मॉडेलनं शिकलेल्या चित्रांवर ठरतं. वृंदावनं त्यानं फारशी बघितलेली दिसत नाहीत. तेवढाच भाग मास्क करून मूळ फोटोवरून कमी Denoising नं बघ. उजेड जुळेल का, सांगता येत नाही.

गणपत_गल्ली:
कुणाकडे वृंदावनांचे पंधरा-वीस फोटो असतील तर लोरा शिकवून बघता येईल म्हणतात. ६ जीबीवर चालतं का ते?