सरांचा हंगामअखेरचा मेल: कापावा की तसाच जाऊ द्यावा?

जुळे सोलापूरचा पालक
आमच्या मुलींच्या खो-खो संघाच्या सरांनी हंगाम संपल्यावर खेळाडू आणि पालकांसाठी सुमारे चौदाशे शब्दांचा मेल लिहिला असून तो ‘जरा नीट करून द्या’ म्हणून माझ्याकडे सोपवला आहे. त्यात आभार, उपान्त्य सामन्याचे वर्णन, पंचांवरचा राग, एका मुलीची चूक, थकलेली फी, शिबिर, निवड चाचणी असे सगळे एकत्र आहे. मी ते दोनशे शब्दांवर आणावे, की सरांचे बोलणे सरांच्याच शब्दांत जाऊ द्यावे?

बातमी टेबलावरचा
शब्दसंख्या आधी ठरवू नका. प्रथम मेल कागदावर छापून घ्या आणि जे वाक्य वाचून कोणाला तरी काही करावे लागणार आहे, त्याच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. चौदाशे शब्दांत अशी सहा-सात वाक्येच निघतील, असा माझा अनुभव आहे, आणि ती नेमकी आठवणींच्या पोटात दडलेली असतात. उरलेल्या मजकुराचे दोन भाग पडतात: सगळ्यांनी वाचावा असा, आणि एकाच घराशी संबंधित असलेला. त्या मुलीची चूक आणि थकलेली फी हे दुसऱ्या भागातले आहे. ते संपादनाने सौम्य करायचे नसते, या मेलमधून पूर्ण बाहेर काढायचे असते, आणि सरांनी त्या त्या घरी फोन करायचा असतो. त्यातले एखादे वाक्य इथे दिलेत, तर नेमके सांगता येईल.

निवृत्त क्रीडाशिक्षक
मी असहमत आहे. हंगामअखेरचे पत्र म्हणजे सूचनाफलक नव्हे. मुली वर्षभर ज्या माणसाचा आवाज ऐकत मैदानात धावल्या, त्याचाच आवाज त्या पत्रात असायला हवा. मी तीस वर्षे अशी पत्रे लिहिली आणि ती लांबच होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिचे पत्र अजून ट्रंकेत ठेवले आहे. तारखा कळवायच्या असतील, तर दोन ओळींचा निरोप वेगळा पाठवावा.

जुळे सोलापूरचा पालक
हे एक वाक्य जसेच्या तसे देतो: “तर उन्हाळ्याचे शिबिर आपण दरवर्षीप्रमाणे घेणारच आहोत, गेल्या वर्षी ऊन फार होते म्हणून मुलींना त्रास झाला, यंदा सकाळी लवकर घेऊ, आणि निवड चाचणीचे म्हणाल तर शक्यतो सर्वांनी यावे, त्याआधी गुडघ्याचे पॅड वगैरे परत आले तर बरे, मंगळवारी १३ एप्रिलला बघू, आणि ज्यांना फीचे जमत नसेल त्यांनी मला मैदानावर भेटा, मुलगी घरी बसवू नका.”

थोडक्यात सांगा
हे तर पाच मिनिटांचे काम आहे. पाच मुद्दे करा: शिबिर, चाचणी, पॅड, तारीख, फी. “चाचणीस सर्वांनी उपस्थित राहावे. पॅड परत करावेत. फी भरावी.” पालकांना वेळ नसतो आणि फोनच्या पडद्यावर यापेक्षा जास्त कोणी वाचत नाही.

बातमी टेबलावरचा
मुद्दे सुटे करणे योग्यच आहे. पण आपण दिलेल्या तीन छोट्या वाक्यांत तीन चुका आहेत, आणि घाईच्या संपादनात नेमके असेच होते. सरांनी “शक्यतो” लिहिले होते. तो शब्द गेला की चाचणी सक्तीची होते, आणि त्या आठवड्यात गावी गेलेल्या मुलीच्या घरी उगाच धास्ती पडते. पॅड कधीपर्यंत द्यायचे हे मूळ वाक्यातही नाही, म्हणून “परत करावेत” एवढे लिहिल्याने काहीच स्पष्ट होत नाही. तिसरी चूक सर्वांत वाईट आहे: “मुलगी घरी बसवू नका” या चार शब्दांच्या जागी “फी भरावी” आले. सरांच्या साऱ्या मेलमध्ये एखाद्या घराचा निर्णय बदलू शकेल असे वाक्य तेवढेच होते. सूचना काढताना अशा वाक्याला हात लावू नये, त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

आणखी एक गोष्ट पाहा. यंदा १३ एप्रिलला सोमवार आहे आणि मंगळवारी १४ तारीख, म्हणजे डॉ. आंबेडकर जयंती. सरांच्या मनात वार होता की तारीख, हे आपण ओळखून काढू नये. कोणत्याही मेलमधला प्रत्येक वार दिनदर्शिकेशी ताडावा आणि विसंगती दिसली की लिहिणाऱ्यालाच विचारावे. सरांना असे तीन प्रश्न लिहून पाठवा: चाचणी सोमवारी की मंगळवारी, पॅड कोणत्या दिवसापर्यंत, आणि “शक्यतो” हे चाचणीसाठी आहे की शिबिरासाठीही.

मोदीखान्याची आई
माझ्या मुलाच्या क्रिकेट वर्गाने गेल्या वर्षी असाच मेल पाठवला होता आणि त्यात फी थकलेल्या मुलांची यादीच होती. पाठवताना सर्वांचे पत्ते `To` मध्ये टाकल्याने ती यादी कोणाकोणाकडे गेली, हेही प्रत्येकाला दिसले. माझा मुलगा पंधरा दिवस मैदानावर गेला नाही. आणि आमच्या घरी सासूबाई तेलुगूच वाचतात, तर अशा मेलचे भाषांतरही द्यावे का? मूळ प्रश्न कापण्याचा आहे, हे मला ठाऊक आहे, तरी विचारते.

बातमी टेबलावरचा
ताई, पत्ते `Bcc` मध्ये टाकावेत, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. भाषांतर करायचे असेल, तर ते स्पष्ट केलेल्या मजकुराचेच करावे. मूळ लांब वाक्याचे तेलुगू केले, तर त्यातली संदिग्धता दोन भाषांत होईल.

जुळे सोलापूरचा पालक
सरांनी उत्तरे दिली: चाचणी सोमवारी, पॅड शुक्रवारपर्यंत, आणि “शक्यतो” फक्त शिबिरासाठी, कारण चाचणीला न येणाऱ्या मुलीचा विचार निवडीत करता येणार नाही. म्हणजे मी स्वतःच्या समजुतीने लिहिले असते, तर नेमके उलटे झाले असते. मसुदा असा केला आहे:

“विषय: निवड चाचणी सोमवार, १३ एप्रिल; पॅड शुक्रवार, १० एप्रिलपर्यंत

निवड चाचणी सोमवार, १३ एप्रिल रोजी सकाळी साडेसहाला नेहमीच्या मैदानावर आहे. निवडीसाठी चाचणीला येणे आवश्यक आहे. शिबिराला शक्यतो यावे. ऊन टाळण्यासाठी ते सकाळी लवकर घेऊ. शिबिराला आल्याने निवड पक्की होत नाही. गुडघ्याचे पॅड शुक्रवारपर्यंत माझ्याकडे द्यावेत.

ज्यांना फीचे जमत नसेल त्यांनी मला मैदानावर भेटा. मुलगी घरी बसवू नका.”

त्याखाली सरांचे हंगामाबद्दलचे चार परिच्छेद जवळजवळ तसेच ठेवले आहेत. एकूण साडेचारशे शब्द झाले.

निवृत्त क्रीडाशिक्षक
वर सूचना आणि खाली पत्र, ही मांडणी मला मान्य आहे. माझा विरोध पत्रच नाहीसे करण्याला होता. मात्र उपान्त्य सामन्याचे आपण काय केले? आक्रमणात दिशा बदलल्याचा फाऊल झाला, धावक निसटली आणि संघ एका गुणाने हरला, हे गाळले तर पत्र खोटे वाटेल. मुलींना ते पाठ आहे.

बातमी टेबलावरचा
फाऊल ठेवा, नाव काढा. “आपला एक फाऊल गेला” असे लिहिले की तो संघाचा होतो.

मोदीखान्याची आई
नाव काढल्याने काय होणार? बारा मुलींच्या संघात तो कोणाचा होता, हे प्रत्येक घरी माहीत आहे. माझी मुलगी असती, तर मला ते वाक्यच नको असते.

निवृत्त क्रीडाशिक्षक
ताई, तिला न विचारता गाळणे हेही तिच्याबद्दल परस्पर ठरवणेच आहे. सरांनी मेल जाण्याआधी तिला तो परिच्छेद दाखवावा.

जुळे सोलापूरचा पालक
सर उद्या तिच्या घरी जाणार आहेत. पंचांवरचा परिच्छेद मात्र काढायला ते अजून तयार नाहीत. तो मी पिवळ्या रंगात ठेवून मसुदा त्यांच्याकडे परत पाठवला आहे.