मदत हवी आहे: आवाहनातले ‘मर्द’ आणि ‘बांगड्या’ काढायच्या आहेत, पण जोर राहिला पाहिजे

काठावरची: आमच्या गटाने नदीकाठ स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले आहे आणि त्याचे आवाहन एका उत्साही सहकाऱ्याने पुढीलप्रमाणे लिहिले आहे.

“मित्रांनो, उठा! बांगड्या भरून घरात बसणाऱ्यांचे हे काम नाही. खरे मर्द असाल तर रविवारी सकाळी ७ वाजता नदीवर या! पोती उचलायला तगडे भाऊ हवेत, बायकांनी पाण्याची सोय पाहावी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी घरूनच आशीर्वाद द्यावेत. प्रशासन आंधळे-बहिरे झाले आहे, आता आपणच बघू!”

मी ते बदलून “सर्व नागरिकांना नम्र विनंती करण्यात येते की, महिला व ज्येष्ठांनीही या मोहिमेत सहभागी व्हावे” असे केले, तर त्यातला प्राणच गेला. दुखावणारे शब्द जावेत आणि वाचणाऱ्याने तरीही ताडकन उठावे, असे कसे लिहावे?

शब्दसेवक: पूर्ण मजकूर बदलण्याची गरज नाही, केवळ शब्द बदलावेत. ‘मर्द’ऐवजी ‘मर्द आणि रणरागिणी’, ‘म्हातारेकोतारे’ऐवजी ‘ज्येष्ठ नागरिक’ आणि ‘आंधळे-बहिरे’ऐवजी ‘दृष्टिहीन व कर्णबधिर’ असे लिहावे.

मुद्रितशोधक: ‘ज्येष्ठ’ हा शब्द योग्यच आहे, पण “ज्येष्ठांनी घरूनच आशीर्वाद द्यावेत” असे लिहिले तरी दार बंदच राहते. ‘दृष्टिहीन प्रशासन’ तर मूळ वाक्याहून वाईट आहे, कारण बेपर्वाईसाठी अपंगत्वाची उपमा तशीच राहते आणि वर सभ्य शब्दाने ती अधिकृत होते. तिथे प्रशासनाने नेमके काय केले नाही, ते लिहावे. “तक्रारींना उत्तर नाही” हे वाक्य शिवीपेक्षा जास्त बोचते, कारण ते नाकारता येत नाही.

आता जोराविषयी. मूळ मजकुराचा जोर बांगड्यांत नाही. तो ‘उठा’, ‘या’ अशा आज्ञार्थात, तोकड्या वाक्यांत आणि “असाल तर या” या आव्हानात आहे. आपण कर्मणी प्रयोग आणि ‘नम्र विनंती’ आणली, तेव्हा हे तिन्ही गेले. आज्ञार्थाला मराठीत लिंग नसते, त्यामुळे तो निर्धास्त ठेवावा. आव्हानही ठेवावे, फक्त ते पुरुषत्वाला न देता कचऱ्याबद्दलच्या चिडीला द्यावे. आपल्या वाक्यातला ‘ही’ मात्र आवर्जून काढावा. ‘महिलांनीही’ म्हटले की मूळ निमंत्रण दुसऱ्याच कुणाला होते, असा अर्थ निघतो.

‘तगडे भाऊ’मागे एक खरी अट आहे, ती माणसावरून काढून कामावर ठेवावी. पोते किती जड आहे आणि ते कुठून कुठे न्यायचे आहे, एवढे सांगितले की ज्याचा तो निर्णय घेतो.

भरतीवाला: माझाही हाच प्रश्न आहे. आमच्या भरतीच्या जाहिरातीत मी सगळीकडे ‘तो/ती’, ‘येणारा/येणारी’ असे केले आहे, पण ते वाचवत नाही. तिरकी रेघ हाच उपाय आहे ना?

मुद्रितशोधक: अनेकवचनी सामान्यरूप वापरून पाहावे. ‘येणारा’ आणि ‘येणारी’ यांत भेद दिसतो, पण ‘येणाऱ्यांनी’, ‘ज्यांना’, ‘त्यांनी’ ही रूपे सर्वांसाठी एकच असतात. अर्थात हे सगळीकडे साधत नाही. ‘सगळे आले’ असे प्रथमेत लिहिले की पुल्लिंगी रूप येतेच.

जुनाजाणता: ‘मर्द’ म्हणजे धैर्यवान, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लहानपणापासून घेत आलो आहोत. प्रत्येक जोरकस शब्द काढत गेलो, तर भाषा पांगळी होईल.

काठावरची: आपण धैर्याच्या अर्थाने म्हणता हे मला पटते, पण त्याच मजकुरात लगेच पुढे बायकांना पाण्याच्या सोयीला लावले आहे, त्यामुळे तो अर्थ तिथे टिकत नाही. शिवाय पोती वाहणाऱ्यांत आमच्या गटात महिलाच अधिक आहेत. मुद्रितशोधक यांच्या सूचनांनुसार नवा मसुदा असा झाला आहे:

“मंडळी, उठा! काठावर उभे राहून नाक मुरडणे पुरे झाले. या कचऱ्याची खरोखर चीड येत असेल, तर रविवारी सकाळी ७ वाजता नदीवर या! २० किलोची पोती उतारावरून वर आणायची आहेत. ज्यांना जमेल त्यांनी ती उचला. वरच्या सपाट रस्त्यावर बसून कचरा वेगळा करायला तितकेच हात हवेत. काम तुम्ही निवडा. तक्रारींना उत्तर नाही, आता आपणच बघू!”

मुद्रितशोधक: जोर टिकला आहे. ‘बसून’ लिहिले आहे, म्हणून तिथे खुर्च्या खरोखर असतील आणि रस्त्यापर्यंत चाकाची खुर्ची पोहोचेल, याची आधी खात्री करावी. नसेल तर ते वाक्य बदलावे.

शब्दसेवक: ‘मंडळी’ मला अजूनही गुळमुळीत वाटते. ‘मित्रमैत्रिणींनो’ का नको?

काठावरची: ते उच्चारायला लांब आहे आणि ‘उठा’च्या आधी दम लागतो. तरीही दोन्ही रूपे गटासमोर मोठ्याने वाचून पाहते. खुर्च्यांची चौकशी आजच करते.