मदत हवी आहे: कॉलेजसाठी लॅपटॉप घेऊ का कीबोर्डवाला टॅब?

कामठीची_पोट्टी
लवकर सांगा ना, परवा बाबांसोबत बर्डीला जाऊन राहिली घ्यायला. बजेट २८ हजार. नोट्स अन् असाइनमेंट, बाकी काही नाही. मला ११ इंची टॅब आवडलाय, कव्हरमध्येच कीबोर्ड आहे. अन् प्रोसेसरवरून भांडू नका प्लीज.

बेसा_रोड
टॅबच घे. पुतण्या दोन वर्षं वापरून राहिला, लॅपटॉप वाहून वाहून पाठ मोडते नुसती. दिवसभर चार्जिंग लागत नाही.

धरमपेठची_मावशी
माझी मुलगी मेडिकलला आहे, तिने पेनवाला घेतला, आकृत्या काय सुंदर काढते! फक्त पेनचं टोक झिजतं, ते वेगळं विकत घ्यावं लागतं.

कामठीची_पोट्टी
मावशी मी बीएला आहे, आकृत्या नाहीत मला 😅

जुना_टायपिस्ट
असाइनमेंट कोणत्या भाषेत? अन् द्यायची कशी, प्रिंट का फाइल?

कामठीची_पोट्टी
मराठीत. इतिहास अन् राज्यशास्त्र. वर्डची फाइल मेल करायची. फोनवर mi lihila की मी लिहिलं येतं, तसंच करीन टॅबवर.

जुना_टायपिस्ट
हे पहिल्यांदा सांगायचं ना बाई. तू म्हणते ते इंग्रजी अक्षरांतून मराठी करायचं काम स्क्रीनवरचा कीबोर्ड करतो. खरा कीबोर्ड जोडला की तो स्क्रीनवरचा बाजूला होतो, अन् माझ्या अँड्रॉइड टॅबवर तरी mi दाबलं की mi च उमटतं. मग मराठीसाठी परत काचेवरच बोटं आपटायची, तर कीबोर्डचे पैसे कशाला दिले? दुकानात डेमोवाल्या टॅबला कीबोर्ड लाव, अन् त्याच कीबोर्डवरून 'राज्यशास्त्र' लिहून दाखवा म्हण. दोन मिनिटांत कळते. विंडोजवर मात्र भाषेत मराठी जोडून 'मराठी फोनेटिक' निवडलं की झालं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

बेसा_रोड
काय बे, बोलून टाईप करता येते की! मी सगळे मेसेज तसेच करतो.

जुना_टायपिस्ट
येते, मेसेजला मस्त. दहा पानांत पूर्णविराम, अवतरणं अन् माणसांची नावं दुरुस्त करत बसायला लागते ते सांग. अजून एक, वर्डचं ॲप १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनवर फुकटात लिहू देते. त्याहून मोठ्या टॅबवर फाइल नुसती वाचता येते, बदल करायला वर्गणी मागते.

बेसा_रोड
चूक. माझ्यावर फुकटच चालते.

जुना_टायपिस्ट
तुझा टॅब किती इंची?

बेसा_रोड
साडेआठ.

जुना_टायपिस्ट
🙏

बेसा_रोड
बरं बरं, पण गूगल डॉक्स तर फुकट आहे ना, त्यातून वर्डची फाइल निघते.

जुना_टायपिस्ट
निघते, ते मान्य. तक्ते जरा हलतात, पाठवायच्या आधी एकदा बघून घ्यायचं.

खटारा_बरा
२८ हजारांत नवीन कशाला, ऑफिसातून निघालेला सेकंडहँड लॅपटॉप घे. फक्त प्रोसेसरचा नंबर बघ (सॉरी, भांडत नाहीये). इंटेलचा i5-7 असा सुरू होत असेल तर सोड. विंडोज ११ आठव्या पिढीपासून रीतसर चालते, अन् विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मग बॅटरी किती उरली ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाक:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल बनते, ती ब्राउझरमध्ये उघड. DESIGN CAPACITY म्हणजे नवीन असताना किती होती, FULL CHARGE CAPACITY म्हणजे आता किती भरते. दुसऱ्याला पहिल्याने भाग.

कामठीची_पोट्टी
जाऊन आली. टॅबवाल्याकडे 'राज्यशास्त्र' लिहिलं, rajyashastra च आलं. दुकानातला पोट्टा म्हणे अपडेटनंतर येईल 🙄
सेकंडहँड दोन पाहिले. १९ हजारवाला i5-7200U, सोडला. २४ हजारवाला i5-8350U, ८ जीबी, त्यात ५७,००० अन् ३१,००० आलं.

खटारा_बरा
म्हणजे ५४ टक्के. नवा असताना सहा तास चालत असेल तर आता सव्वातीन. सांगून भाव पाड.

कामठीची_पोट्टी
म्हटलं तर नवी बॅटरी टाकून देतो म्हणे, वर दीड हजार.

खटारा_बरा
टाकल्यावर तोच रिपोर्ट परत काढ. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. अन् बिलावर बॅटरीची वॉरंटी लिहून घे, तोंडी नको.

धरमपेठची_मावशी
अगं पण वर्गात नोट्स कशात काढणार? लॅपटॉप उघडायला बाकावर जागा असते का?

कामठीची_पोट्टी
नसते मावशी. वहीतच काढीन अन् घरी टाईप करीन. पण बाबा म्हणून राहिले कामठीहून बसमध्ये रोज एवढं वजन कशाला, टॅबच घे. त्यांना rajyashastra चं सांगितलं तर म्हणे इंग्रजीत लिही.

बेसा_रोड
बाबा बरोबर आहेत 😂