शेजारी नवे कुटुंब राहायला येताना पहिल्या दिवशी काय द्यावे?

तिसरा मजला, पुणे:
शनिवारी आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब भाड्याने राहायला येत आहे. नवराबायको, लहान मुलगी आणि आजी, एवढेच रखवालदाराकडून कळले. दुपारी स्टीलच्या डब्यातून गरम पुरणपोळ्या घेऊन जावे, अर्धा तास बसून ओळख करून घ्यावी, असे माझ्या मनात आहे. हे आगंतुकपणाचे वाटेल का? आमच्याकडे तर नेहमी असेच करतात.

ठाण्याची शेजारीण:
शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी आतापर्यंत सहा घरे बदलली आहेत आणि सामान आलेल्या दिवशी दारात पुरणपोळ्या घेऊन उभ्या राहिलेल्या प्रेमळ बाईंमुळे माझी जेवढी तारांबळ उडाली, तेवढी ट्रक उशिरा आल्यानेही उडाली नव्हती. घरात बसायला खुर्ची नव्हती, ताटे कुठल्या खोक्यात आहेत ते ठाऊक नव्हते, हमाल कपाट कुठे ठेवायचे म्हणून खोळंबले होते आणि मी मात्र पाहुण्यांशी माहेर-सासर बोलत होते. त्यांचा डबा त्या गडबडीत एका खोक्यात गेला आणि बाराव्या दिवशी सापडला. तोपर्यंत जिन्यात त्या दिसल्या की मी मान खाली घालत असे. ओळख व्हायच्या आधीच मी त्यांची ऋणको झाले होते.

त्या दिवशी घराला खरी गरज चहा आणि पिण्याच्या पाण्याची असते. शहर बदलून येणाऱ्यांना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करावे लागतात, त्यामुळे नवे मिळेपर्यंत शेगडी पेटत नाही. पाणी गाळण्याचे यंत्र भिंतीवर बसवायलाही माणूस लगेच येत नाही. म्हणून मी एक लिटरच्या थर्मासमध्ये चहा नेते. लहान कपांचे दहा कप होतात, त्यात घरच्यांबरोबर हमालांचेही भागते. साखर वेगळ्या पुडीत ठेवते, कारण घरात आजी असल्या की मधुमेह असू शकतो. दुधाचा चहा दोन-तीन तासांनी थर्मासमध्ये वास धरतो, म्हणून ट्रक आल्यावरच करते. सोबत कागदी कप, पाण्याच्या चार बाटल्या आणि डझनभर पिकलेली केळी असतात. केळ्याला ताट लागत नाही, ते उपासाला चालते आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यालाही चालते. उंबरठ्याबाहेर उभी राहून पिशवी देते, “थर्मास संध्याकाळी मीच नेईन” असे सांगते आणि परत फिरते. या सगळ्याला दोन मिनिटे लागतात.

जुना पेठेतला:
चहाचे पटले. पण केळी? शुभप्रसंगी नारळ आणि साखर द्यायची, केळी आजाऱ्याला नेतात. शिवाय डबा देण्यात गैर काय आहे? रिकामा डबा परत करायचा नाही, त्यात काहीतरी घालून द्यायचे, एवढ्या एका रीतीवर आमच्या वाड्यात चाळीस वर्षे शेजार टिकला.

नोकरीनिमित्त बंगळूर:
मी भाडेकरू आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. इथल्या पहिल्या घरी शेजारच्या काकूंनी डबा दिला आणि सोबत तीन प्रश्न विचारले: आडनाव काय, भाडे किती आणि घरात मासे शिजतात का. चौथ्या दिवशी तो डबा परत करताना त्यात काय घालावे, हे आम्हाला सुचेना. आम्ही कोकणातले, घरी केलेले काही घातले तर त्यांना चालेल का, याची भीती वाटली. शेवटी दुकानातली बर्फी घातली, तर “घरचे काही करत नाही का” असे ऐकावे लागले. तेव्हापासून स्टीलचा डबा दिसला की मला परीक्षा आठवते.

जुना पेठेतला:
तो दोष त्या बाईंच्या स्वभावाचा आहे, डब्याचा नाही. माझी आई डबा परत आला की त्यातली चिमूटभर साखरसुद्धा प्रसादासारखी घेत असे. त्या रीतीला तुम्ही परीक्षा म्हणता, याचे मला वाईट वाटले.

ठाण्याची शेजारीण:
तुमच्या आईंबद्दल कोणीही वावगे बोललेले नाही, कृपा करून चर्चा तिकडे नेऊ नका. वाड्यात दोन्ही घरे एकमेकांना आधीच ओळखत होती, म्हणून डबा सहज जात-येत होता. अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी परत करायची वस्तू दिली की त्याच्यावर तीन कामे पडतात: ती जपायची, घासायची आणि भरून द्यायची. शेगडी नसलेल्या घराने ती कशाने भरावी?

जुना पेठेतला:
शेगडी नसेल तर साखर घालावी, हे मी वर लिहिलेच आहे. तरीही पहिल्या दिवशी डबा नको, एवढे नाइलाजाने मान्य करतो. आठ दिवसांनी मात्र द्यावा, नाहीतर कागदी कपांच्या पुढे शेजार जाणारच नाही.

नोकरीनिमित्त बंगळूर:
आठ दिवसांनी द्यायचे असेल तर बेसनाचे लाडू किंवा चिवडा कागदी खोक्यात द्यावा. खोके टाकता येते, पदार्थ आठवडाभर टिकतो आणि त्याच दिवशी खाण्याची सक्ती राहत नाही. पुरणपोळी प्रेमाची खरी, पण घेणाऱ्याला ती लगेच संपवावी लागते.

कुंडीवाली:
मी नव्या शेजाऱ्यांना नेहमी तुळशीचे रोप देते. ते अजून कोणी कसे सुचवले नाही?

ठाण्याची शेजारीण:
भावना चांगली आहे, पण रोप म्हणजे रोजचे काम. खिडक्यांची दिशाही ठाऊक नसताना त्यांनी ते कुठे ठेवावे? वाळले तर अपराधी त्यांनाच वाटणार, आणि घर तुळस ठेवणारे आहे की नाही हे आपण परस्पर ठरवलेले असते. त्यापेक्षा पिशवीत एक चिठ्ठी ठेवा. नळाला पाणी किती वाजता येते, ओला आणि सुका कचरा नेणारे केव्हा येतात, लिफ्ट बंद पडली तर कोणाला सांगायचे आणि रात्री उघडे असणारे औषधांचे दुकान कोणते, एवढ्या चार ओळी पुरतात. माझ्या पाचव्या घरी कोणीतरी अशी चिठ्ठी दाराच्या कडीला लावून ठेवली होती. पाणी सकाळी फक्त सव्वा तास येते, हे तिच्यामुळेच कळले आणि दुसऱ्या दिवशी बादल्या भरलेल्या होत्या. ती चिठ्ठी फ्रिजच्या दारावर दोन वर्षे होती.

तिसरा मजला, पुणे:
अर्धा तास बसण्याचा बेत मी सोडला, तरी पुरणपोळ्या रद्द करताना जीव हळहळतो हे खरे. थर्मास, पाणी, केळी आणि चिठ्ठी नेईन. चिठ्ठीवर माझा दूरध्वनी क्रमांक लिहावा का?

नोकरीनिमित्त बंगळूर:
आपला जरूर लिहा, त्यांचा मागू नका. फोन करायचा की नाही, हे मग त्यांच्या हातात राहते.

ठाण्याची शेजारीण:
मी क्रमांकही लिहीत नाही, फक्त फ्लॅटचा नंबर आणि आडनाव लिहिते. क्रमांक मिळाला की आपला द्यावाच लागतो, असे पुष्कळांना वाटते.

जुना पेठेतला:
घरात आजी आहेत. रात्री-अपरात्री त्यांना काही झाले तर ते लोक आडनाव घेऊन काय करतील? क्रमांक लिहाच. आणि पिशवीत नारळ टाका.