मदत हवी आहे: तासवार चार्टमध्ये जेवणाची सुट्टी कशी धरावी?

ग्राहकसेवा केंद्राचा एक्सेल चार्ट आहे: गरजेचे लोक पायऱ्यांच्या रेषेने, रोस्टरवरचे स्तंभांनी. B मध्ये शिफ्टची सुरुवात, C मध्ये शेवट, E मध्ये तास. साध्या COUNTIFS ने रात्रीची 22 ते 6 शिफ्ट मोजलीच जात नव्हती, कारण तिथे शेवट सुरुवातीपेक्षा लहान असतो. म्हणून हे वापरलं:

```
=SUMPRODUCT(--(MOD(E2-$B$2:$B$41,24)<MOD($C$2:$C$41-$B$2:$B$41,24)))
```

वेळा 22, 6 अशा साध्या अंकांत आहेत. 22:00 अशा लिहून खाली ओढल्या की दशांशाच्या सूक्ष्म फरकाने एखादा माणूस गळतो.

अडचण पुढेच आहे. दुपारी 1 ते 2 ला गरज 12, रोस्टरवर 14, म्हणजे चार्टवर दोन जास्त. पण सात जण 1 ला, उरलेले सात 1:30 ला अर्धा तास जेवायला जातात. जागेवर सातच, तूट पाचची, आणि चार्ट गप्प!

E मध्ये अर्ध्या तासाच्या ओळी करून D मधल्या सुट्टीच्या वेळा COUNTIF ने वजा करायचा विचार आहे. पण 12 च्या आकड्यात सुट्टी-गैरहजेरीची वाढ आधीच धरली असेल, तर ती दोनदा मोजली जाईल. मूळ गरज वाढ काढूनच चार्टवर घ्यावी का? आणि गैरहजेरी मग कुठे दाखवता?