मदत हवी आहे: अनाथाच्या मालमत्तेतून पालकाने मोबदला किती घ्यायचा?

नमस्कार मंडळी. अभ्यासवर्गासाठी अभिजात इस्लामी कायद्यातल्या वसीवर, म्हणजे अनाथाची मालमत्ता सांभाळणाऱ्या पालकावर, टिपण लिहितोय. एका जागी अडलोय.

मूळ आधार कुराणातल्या चौथ्या सूरेची सहावी आयत. पालक सधन असेल तर त्याने काही घेऊ नये, गरीब असेल तर रीतीप्रमाणे घ्यावे. मूल मोठं व्हायच्या आत घाईघाईने माल संपवू नये आणि ताबा देताना साक्षीदार ठेवावेत, हेही तिथेच आहे.

'रीतीप्रमाणे' म्हणजे किती? शाफिई पंथाचा मापदंड मला पटतो: त्या कामाची चालू मजुरी आणि पालकाची गरज, यांपैकी जे कमी ते. समजा खजुराची बाग राखायची मजुरी महिना 40 दिरहम, पालकाची गरज 30. तर त्याला 30 मिळतील. गरज 60 असली तरी 40च. म्हणजे गरिबी दाखवून हात मारायला वाव नाही!

आता अडचण. हाच पालक पुढे सधन झाला, तर घेतलेलं परत करायचं का? खलीफा उमर यांचं एक वचन सांगतात, की राज्याच्या खजिन्याबाबत मी अनाथाच्या पालकासारखा आहे, गरज पडली तर घेईन, सुबत्ता आली की फेडीन. यावरून ते कर्जच ठरतं. दुसरा पक्ष म्हणतो, ती कष्टाची मजुरी, फेडायची कशाला?

हनफी ग्रंथांत यावर काय निवाडा आहे? कुणी मूळ अरबी किंवा उर्दू वाचलं असेल तर प्रकरणासकट सांगाल का?